कंसातला मजकूर

मूल गावच्या बसस्टँडवर, कँटीनच्या भिंतीला टेकून, बाबूभाई शेखांचा पेपरांचा टेबल बावीस वर्षं होता. टेबल म्हणजे चार पायांचा लाकडी बाक, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि वर दगडाखाली दाबलेले पेपर. चंद्रपूरच्या 'दैनिक इरईकाठ'ची मूलची एजन्सी त्यांच्याकडे होती, आणि एजन्सी ज्याच्याकडे असते तोच गावचा वार्ताहर असतो हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. पेपर विकायचा त्यानं, बातमी पाठवायची त्यानं, आणि जाहिरात आणायचीही त्यानंच. गावात एखाद्याचं लफडं बाहेर पडलं की तो माणूस सकाळी जाहिरात घेऊन बाबूभाईंकडे यायचा आणि बाबूभाई त्याच माणसाविरुद्धची बातमी दुपारच्या बसनं पाठवायचे. यात काही चुकतंय असं ना त्या माणसाला वाटायचं ना बाबूभाईंना.

बातम्यांपैकी रोजची एक ठरलेली. पावसाळ्यात सकाळी तहसील कचेरीत जायचं, पर्जन्यमापकाचा आकडा घ्यायचा आणि चंद्रपूरला कळवायचा. चार ओळींची ती बातमी कोणी वाचत नाही. बाबूभाई मात्र आकडे डायरीत उतरवून ठेवत. त्यांना आकड्यांचा लोभ होता, जसा कोणाला तंबाखूच्या खर्‍याचा असतो.

आणखी एक काम त्यांना आपसूक चिकटलं होतं. ज्यांना वाचता येत नाही, किंवा वाचता येतं पण कळत नाही, ते लोक कोर्टाच्या नोटिसा, सोसायटीचे खुलासे, पुढार्‍यांची निवेदनं घेऊन टेबलाशी उभे राहायचे. बाबूभाई कानामागची पेन्सिल काढायचे आणि मजकुराच्या ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहायचे. कोण? कधी? किती? कुठं? जिथं उत्तर सापडेल तिथं रेघ मारायचे, जिथं सापडणार नाही तिथं तसं लिहायचे. "काय सांगतलं ते तर कोणीबी वाचते," ते म्हणायचे, "काय नाई सांगतलं ते पाहा लागते." स्वतःच्या या हुशारीवर ते खूश असत. थोडे जास्तच खूश असत, असं त्यांच्या बायकोचं, शमसुन्निसाबींचं मत होतं.

सन नव्याण्णवच्या सप्टेंबरात, एका बुधवारी सकाळी, गावाबाहेरच्या माळतलावात मासे उलटे तरंगले. रोहू, कतला, सगळ्या पांढर्‍या पोटांचा थर. पाण्याला खवट तेलाचा वास. तलाव ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतलेला, आणि तलावाच्या वरच्या अंगाला 'सुवर्णधान ऑइल' नावाची कंपनी होती. राइस मिलचा कोंडा घेऊन ती त्यातून तेल काढायची. तेल शुद्ध करताना निघालेलं घाण पाणी साठवायला आवारात मातीचे बांध घालून मोठं डबकं केलेलं होतं. कोणाला काही विचारायची गरजच नव्हती. सोसायटीच्या अध्यक्षांनी, दसरूभाऊंनी, शनिवारी कंपनीच्या गेटवर मोर्चा जाहीर केला.

गुरुवारी सकाळी कंपनीचा प्रफुल मेश्राम टेबलाशी आला. प्रफुल कामगार अधिकारी, इथलाच पोरगा. त्याचे वडील आणि बाबूभाई एका बाकावर शिकलेले. त्याच्या हातात कंपनीच्या कागदावर टाइप केलेलं 'जाहीर निवेदन' होतं, त्याच्या दोन प्रती.

"चाचा, एक जाहिरातीसाठी. दुसरी तुमच्यासाठी, बातमीत आमची बाजूबी येऊ द्या. आणि नागपूरच्या ऑफिसची एकच अट आहे. एक शब्द गाळायचा नाई. जसंच्या तसं."

"लिवलं कोण?"

"नागपूरच्यांनी. म्या फक्त मराठी केलं," प्रफुल म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

बाबूभाईंनी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मजकूर जसाच्या तसा घ्यावा, एकही शब्द गाळू नये.' मग चहा मागवून आपली प्रत पुढ्यात घेतली. निवेदन सहा वाक्यांचं होतं, पण बाबूभाईंना त्यात मेजवानी दिसली.

'मुसळधार पावसामुळे' अशी सुरुवात होती. बाबूभाईंनी डायरी उघडली. मासे बुधवारी मेले. मंगळवारचा पाऊस चार मिलीमीटर, त्याआधीचे पाच दिवस कोरडे. त्यांनी ओळीच्या वर खूण करून लिहिलं, 'मंगळवारी मूलचा पाऊस चार मिलीमीटर.' पुढे, 'कंपनीच्या आवारातील काही पाणी बाहेर गेले.' इथं ते थांबले. हे वाक्य महत्त्वाचं. 'पाणी गेल्याचे कबूल आहे. किती ते सांगितलेले नाही.' पुढे, 'परिसरातील जलाशय.' 'म्हणजे माळतलाव. नाव घेतलेले नाही.' पुढे, 'सदर पाणी मानवी आरोग्यास अपायकारक नाही.' बाबूभाई स्वतःशीच हसले. 'मेले मासे. माशांबद्दल शब्द नाही.' मग, 'कंपनी सर्व नियमांचे पालन करण्यास कटिबद्ध आहे.' 'पालन केले असे म्हटलेले नाही.' आणि शेवटी, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' 'कोण करील, कधी करील?'

सगळ्या टिपा त्यांनी नीट कंसात, सुवाच्य अक्षरात लिहिल्या, कारण दुपारी यावरूनच बातमी करायची होती. एवढ्यात साडेअकराची चंद्रपूर बस निघायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबूभाईंनी घाईघाईनं जाहिरातीच्या पाकिटात एक प्रत कोंबली, पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि निवांत बसले. दुपारी बातमी लिहायला घेतली तर टेबलावरची प्रत कोरी करकरीत. पेन्सिलची एक रेघ नाही.

त्यांना वाटलं, ऑफिसात कोणाच्या तरी लक्षात येईल. एसटीडी बूथवरून तीनदा फोन लावला, तीनदा लाइन मिळाली नाही. मग त्यांनी मनाची समजूत घातली की एवढं येडं कोणी नसते. पण वेडेपणाचा प्रश्नच नव्हता. जाहिरातवाले टाइप केलेल्या मजकुरात ऐनवेळी हातानं भर घालतात हे रोजचंच, आणि पाकिटावर तर बजावून लिहिलेलं होतं. टाइप करणार्‍यानं अक्षर न् अक्षर घेतलं, प्रूफ पाहणार्‍यानं प्रतीशी ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं.

शुक्रवारी सकाळी पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, जाड चौकटीत निवेदन आलं. 'मुसळधार पावसामुळे (मंगळवारी मूलचा पाऊस चार मिलीमीटर) कंपनीच्या आवारातील काही पाणी बाहेर गेले (पाणी गेल्याचे कबूल आहे. किती ते सांगितलेले नाही)...' असं शेवटपर्यंत, आणि खाली कंपनीचं नाव, पत्ता, आपला विश्वासू.

गठ्ठ्यातली वरची प्रत बाबूभाईंनी दोरीखालूनच वाचली. ते बाकावर बसले. गठ्ठा सोडवायचीही हिंमत होईना. पण गिर्‍हाईक थांबतं थोडंच.

हायस्कूलचे एक मास्तर उभ्या उभ्या वाचून एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. राइस मिलवाले एक शेटजी दोनदा वाचून गंभीरपणे म्हणाले, "ही कंपनी मोठी दिसते. आपल्याच चुका आपण लिवून राह्यली." तहसीलच्या कारकुनाला पावसाचा आकडा बघून भरून आलं. त्याच्या आकड्याला पहिल्यांदाच कोणी तरी किंमत दिली होती. म्हणजे काहींना गंमत कळली, काहींना मुळीच नाही, आणि ज्यांना कळली नाही त्यांचा कंपनीवरचा राग निम्मा उतरला. आठ वाजेपर्यंत एकशेवीसच्या एकशेवीस प्रती संपल्या. त्या दिवशी परत पाठवायला एक अंक उरला नाही, आणि एरवी या गोष्टीनं बाबूभाई दिवसभर गुणगुणले असते.

मासे विकणारी रुखमा रिकामी टोपली घेऊन आली. सोसायटीत दसरूभाऊ अध्यक्ष असले तरी आवाज तिचा.

"बाबूभाऊ, वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं.

"अजून एक डाव."

त्यांनी परत वाचलं. तिनं टोपली खाली ठेवली. "माशाइबद्दल शब्द नाई म्हणते, हे त्याइले समजते तर," ती म्हणाली. "असं कोणी बोललं नवतं आजवर. मोर्चा काऊन न्यायचा मग? जाऊन बसू, इचारू. किती पाणी गेलं ते सांगा म्हनू."

बाबूभाईंना सांगावंसं वाटलं की अगं, ते कंपनीनं लिहिलेलं नाही, मी लिहिलंय. पण तेवढ्यात बूथवाल्यानं हाक मारली. चंद्रपूरहून संपादकसाहेबांचा फोन होता.

संपादकसाहेब ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. कंपनीच्या नागपूर ऑफिसनं मालकांना फोन केला होता. उद्या संध्याकाळपर्यंत दोन कागद पाहिजेत. एक, बाबूभाईंचा लेखी खुलासा. दुसरा, कंपनीचं पत्र की आमची तक्रार नाही. नाही तर सोमवारपासून मूलची एजन्सी दुसर्‍याकडे. "बावीस वर्षांचं मला माहीत आहे," साहेब म्हणाले, "पण मालकांना कागद लागतो."

बाबूभाई घरी आले. जेवले नाहीत. एजन्सी गेली तर पोट भरलं असतं कसंही. पोरगा फैज गडचिरोलीला नोकरीत होता. पण बसस्टँडवर सकाळी बाबूभाई नाहीत आणि लोक कागद घेऊन दुसर्‍याच कोणासमोर उभे आहेत, हे चित्र त्यांना सहन होईना. मूलमध्ये त्यांना जे काही नाव होतं ते त्या बाकाचं होतं. बाक गेला की ते नुसते फैजचे अब्बा.

त्यांनी कागद घेतला आणि खुलासा लिहिला. चांगला झालाय असं वाटलं म्हणून शमसुन्निसाबींना वाचून दाखवला. त्या मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"काही अपरिहार्य कारणांमुळे," बाबूभाईंनी वाचलं, "जाहिरातीच्या मजकुरात काही अतिरिक्त मजकूर समाविष्ट झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. संबंधितांच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

शमसुन्निसाबी शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या, पण बावीस वर्षं रोज संध्याकाळी नवर्‍याची हुशारी ऐकत होत्या.

"किसने किया समाविष्ट?" त्यांनी विचारलं.

बाबूभाई कागद पुन्हा वरून वाचू लागले.

"शक्यता कायकी? पूरे गाँव ने पढ़ लिया ना? और कौनसा कारण? बस का हॉर्न?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "कल तक कंपनीवाले को हँस रहे थे तुम. ये तो उसी का भाई है."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा मशीन सुरू केली. बाबूभाईंना राग आला, मग लाज वाटली, आणि लाज जास्त वेळ टिकली. त्यांनी कागदाकडे पाहिलं. दुसर्‍या कोणाचा असता तर एव्हाना पेन्सिलीनं काळा केला असता. कंपनीला लपवायला सहा वाक्यं लागली होती, त्यांनी दोन वाक्यांत लपवलं होतं, कंपनीपेक्षाही सफाईनं. आणि ठरवून नाही. हात आपोआप तसा वळला होता. घाबरलेला माणूस असंच लिहितो, हे त्यांना बावीस वर्षांत प्रथम कळलं.

त्यांनी दुसरा कागद घेतला. 'गुरुवारी मी, बाबू शेख, कंपनीच्या निवेदनाच्या एका प्रतीवर माझ्या टिपा लिहिल्या. कंसातील सर्व मजकूर माझा आहे. बस सुटत होती म्हणून मी न बघता तीच प्रत जाहिरातीच्या पाकिटात घातली. दुपारी चूक कळली. तीन फोन केले, लागले नाहीत, मग प्रयत्न सोडला. बसनं चंद्रपूर गाठता आलं असतं, मी गेलो नाही. टाइप करणार्‍याची व प्रूफ पाहणार्‍याची चूक नाही. टिपांतील पावसाचा आकडा तहसीलचा आहे व बरोबर आहे.' खाली सही केली आणि मग जेवले.

शनिवारी सकाळी ते कंपनीत गेले तेव्हा गेटवर मोर्चा नव्हता. आत लिंबाखाली दसरूभाऊ, रुखमा आणि सोसायटीची दहाबारा माणसं सतरंजीवर बसली होती, पुढ्यात पाण्याचे ग्लास. प्रफुल आपल्या खोलीत डोकं धरून बसला होता.

"चाचा, मारलं तुम्ही मले. नागपूरवाले शुद्धिपत्रक मागून राह्यले. कंसातला मजकूर कंपनीचा नाई, एवढंच. आणि तक्रार नाई असं पत्र मागाले आले असान तर त्याइले तुमची एजन्सी गेलीच पाह्यजे."

बाबूभाईंनी आपला खुलासा पुढे ठेवला. प्रफुलनं वाचला. खालपर्यंत गेला, परत वर आला. त्याच्या चेहर्‍यावरचा ताण कुठं गेला कोण जाणे.

"बसनं जाता आलं असतं हेबी लिवलं तुम्ही," तो म्हणाला. "काऊन? कोणी इचारलं नसतं."

"तुह्या काकूनं इचारलं असतं."

प्रफुल हसला नाही. खिडकीतून लिंबाखाली बघत राहिला.

"शुद्धिपत्रक छाप तू, मी आणून देतो," बाबूभाई म्हणाले. "कंस माहे आहेत, ते खरंच आहे. पण मंग उद्या लोक कंसच वाचतीन, बाकीचं सोडून. आणि ह्या बाहेर बसल्या माणसाइले काय सांगशीन? जे खरं वाटून तुम्ही पाणी पेत बसले, तेवढंच आमचं नवतं, असं?"

प्रफुल उठला. त्यानं टेबलाचा खण ओढून एक वही काढली, पण ती उघडली नाही. "बांध सोमवारी दुपारपासून झिरपत होता," तो हळूच म्हणाला. "म्या वर कळवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी कोपरा खचला. दीड लाख लिटर गेलं. पंधरा टँकर." आणि मग, "नागपूरचा पाऊस मराठीत घालताना तो खोटा आहे हे माहीत होतं मले, चाचा. नोकरी आहे म्हनून घातला."

त्यानं नागपूरला फोन लावला. बाबूभाई बाहेर गेले नाहीत, आणि प्रफुलनं त्यांना जा म्हटलं नाही. पलीकडचा साहेब बराच वेळ बोलत होता. प्रफुल मराठी हिंदीत पुन्हापुन्हा एकच सांगत होता. "सर, मोर्चा आला नाही. लोक आत बसलेत, शांत आहेत, कारण त्यांना वाटतं आपण खरं बोललो. शुद्धिपत्रक दिलं तर तासाभरात गेट बंद होईल. उत्तरं दिली तर नाही होणार. प्रदूषण मंडळाचे लोक सोमवारी येतायत, आकडा त्यांना कळणारच आहे." शेवटचं वाक्य बहुधा लागू पडलं. साहेब धंद्यातला माणूस होता. दुपारी तीनपर्यंत तीनदा फोन झाले आणि दुसरं निवेदन तयार झालं.

त्यात तारीख होती, बांधाचा कोपरा होता, दीड लाख लिटर होतं, माळतलावाचं नाव होतं आणि मासे या पाण्यानं मेले असंही होतं. पाऊस नव्हता. पुढच्या हंगामाचं मत्स्यबीज कंपनी सोसायटीला मदत म्हणून देईल, असं लिहिलं होतं. लिंबाखाली वाचून दाखवल्यावर रुखमानं विचारलं, "मदत म्हनते. भरपाई काऊन नाई म्हनत?" प्रफुलनं खांदे पाडले. तो शब्द नागपूरनं काही केल्या लिहू दिला नव्हता. दसरूभाऊ म्हणाले, ते मंडळाच्या साहेबांसमोर बोलू, आज एवढं बस झालं. मग प्रफुलनं आणखी एक चिठ्ठी लिहिली, स्वतःच्या सहीची. श्री. बाबू शेख यांच्याविरुद्ध कंपनीची तक्रार नाही.

या खेपेला बाबूभाईंनी पाकिटं स्वतः नेली, बसमध्ये मांडीवर धरून. संपादकसाहेबांनी सगळे कागद वाचले. खुलासा वाचताना एकदा वर पाहिलं. "हा मी छापतोय," ते म्हणाले. "कंपनीच्या निवेदनाच्या शेजारी. चालेल?"

चालण्यासारखं नव्हतं. आपली चूक आपल्याच टेबलावर मांडून विकायची, रोजच्या गिर्‍हाइकाला सुट्टे पैसे परत करत. पण बाबूभाईंनी मान डोलावली, आणि साहेबांनी सोमवारच्या गठ्ठ्याच्या पावतीवर नेहमीसारखं त्यांचंच नाव घातलं.

सोमवारी टेबलाभोवती गर्दी झाली. शुक्रवारची हकिगत गावभर झाली होती. लोकांना वाचून पाहिजे होतं आणि बाबूभाईंच्या तोंडूनच पाहिजे होतं. त्यांनी आधी कंपनीचं वाचलं. लोकांनी मध्ये मध्ये थांबवलं, मदत आणि भरपाईवर दहा मिनिटं गेली. मास्तरांनी विचारलं की बांध कोणाच्या देखरेखीखाली होता ते का नाही. प्रश्न योग्य होता, बाबूभाईंनी तो ओळीच्या वर लिहून घेतला.

मग त्यांनी स्वतःचा खुलासा वाचला. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, जमला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि वाट पाहिली. इतक्या वर्षांत लोकांना त्यांनीच शिकवलं होतं कसं बघायचं ते. कोणी तरी काही तरी काढेल अशी त्यांची खात्री होती.

रुखमानं टोपली कंबरेवर घेतली. थोडा विचार केला.

"ह्यात इचारासारखं काई नाई," ती म्हणाली, आणि बाजाराकडे निघून गेली.